पहिले तीन महिने : नव्या मेंबरला मी पहिल्या दिवशी काय सांगतो

आमची जिम यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकीच्या जुन्या गोदामात आहे. वर टिनं, दोन कूलर, तीन बेंच, डंबेलचा एक रॅक आणि सात-आठ मशिनी. येणाऱ्यांत निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी. बाकी शेतकरी, दुकानदार, दोन-तीन मास्तर आणि दुपारच्या बॅचला बाया. नवा मेंबर आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात डंबेल देत नाही. बेंचवर बसवतो आणि दहा मिनिटं बोलतो. त्या बोलण्याची सुरुवात ठरलेली आहे :

"भाऊ, पहिला महिनाभर आरशात काही दिसणार नाही. दुसऱ्या महिन्यात शर्ट दंडाला थोडा घट्ट लागेल, नाहीतर पँट कमरेला सैल होईल. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कोणीतरी ओळखीचा माणूस थांबून विचारेल. पण फरक पडायला पहिल्या आठवड्यापासूनच सुरुवात झालेली असते. तो कुठे पाहायचा ते आज सांगतो."

दहा मिनिटांत कारणं सांगणं जमत नाही, म्हणून ती इथे लिहितो. कारण माहीत नसलं की माणूस पाचव्या-सहाव्या आठवड्यात येणं बंद करतो. मी अशी खूप चांगली पोरं जाताना पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटतं की अजून महिनाभर राहिला असता तर त्याला स्वतःलाच दिसलं असतं.

पहिला दिवस : वही आणि शिंप्याची टेप

एक साधी वही आणा. पहिल्या पानावर तारीख, वजन, कमरेचा घेर आणि दंडाचा घेर लिहायचा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मला वही बरी वाटते, कारण ती बेंचशेजारी उघडी पडलेली असते आणि मलाही वाचता येते.

माप घेण्याची वेळ सकाळची. संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा, श्वास नेहमीसारखा सोडून, पोट आत न ओढता. दंड मोजताना हात सैल खाली सोडा आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मधोमध टेप लावा. दर वेळी तोच हात, तीच जागा. व्यायाम झाल्यावर दंड कधीच मोजू नका. व्यायामाने त्या भागात रक्त आणि पाणी भरतं, दंड सेंटिमीटरभर मोठा दिसतो आणि थोड्या वेळाने उतरतो. याला पोरं पंप म्हणतात. पंपाच्या वेळचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आरसा यांची तुलना करून कित्येक जण निराश होतात.

वजनाचंही तसंच. सकाळी आणि रात्री एक-दीड किलोचा फरक सहज पडतो. रात्री भाजी खारट झाली, पाणी जास्त प्यालं, पोट साफ झालं नाही, तरी काटा हलतो. म्हणून आठवड्यातल्या तीन सकाळी वजन करा आणि तिन्हींची सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर हसायचंही नाही आणि रडायचंही नाही.

एक फोटो काढून ठेवा. खिडकीचा उजेड बाजूने येईल अशी जागा निवडा आणि ती लक्षात ठेवा, पुढचा फोटो तिथेच काढायचा आहे. तो फोटो बारा आठवडे उघडून पाहू नका.

पहिला आठवडा : हात आखडता

आठवड्यात तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, किंवा मध्ये एक दिवस सुटेल असे कोणतेही तीन. प्रत्येक दिवशी पूर्ण शरीराचा व्यायाम. आज छाती, उद्या पाठ अशी वाटणी नवख्याला लागत नाही, कारण एकच हालचाल आठवड्यात तीनदा केली की ती लवकर अंगवळणी पडते. माझ्याकडे नवखे सहाच प्रकार करतात : डंबेल छातीशी धरून बैठका, बेंच प्रेस, लॅट पुलडाऊन, डंबेलने रोइंग, शोल्डर प्रेस आणि शेवटी प्लँक. प्लँक सोडून बाकी प्रत्येकाचे दोन सेट, दहा-बाराचा काउंट, म्हणजे एका सेटमध्ये तीच हालचाल न थांबता दहा-बारा वेळा.

वजन किती घ्यायचं? सेट संपताना अजून तीन-चार वेळा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे. बहुतेक पोरांना हे पटत नाही. शेतात क्विंटलच्या पोत्याला हात लावणाऱ्या पोराला वीस किलोचा नुसता रॉड हातात घ्यायची लाज वाटते. मी त्याला सांगतो की पोतं उचलताना कंबर, मांडी, खांदा सगळं एकदम लागतं. बेंचवर छाती आणि दंडाच्या मागचा स्नायू एकटे पडतात, आणि त्यांना ही सवय नाही.

दुसऱ्या दिवशी अंग धरेल. दुखणं व्यायामानंतर बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत जातं. गावात सगळे म्हणतात की अ‍ॅसिड साचलं. तसं नाही. व्यायामात तयार होणारं लॅक्टिक अ‍ॅसिड तास-दोन तासांत निघून जातं. दुखतं ते स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिथे सूज येते म्हणून. वजन खाली आणताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना जोर लावला की ही इजा जास्त होते. त्यामुळे बैठकांनंतर मांड्या सगळ्यात जास्त ओरडतात. तोच व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केला की दुखणं निम्म्यावर येतं. दुखणं कमी झालं म्हणजे व्यायाम लागू पडत नाही, हा समज डोक्यातून काढा.

अंग धरणं आणि इजा यांतला फरक ओळखता आला पाहिजे. अंग धरतं तेव्हा दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, स्नायूच्या मधल्या भागात बोथट दुखतं आणि थोडं चाललं-फिरलं की मोकळं वाटतं. इजा एका बाजूला असते, बोट ठेवून दाखवता येते, बहुधा सांध्यापाशी असते आणि व्यायाम करतानाच कळ येते. कळ आली तर तो प्रकार तिथेच थांबवा आणि मला सांगा.

आता माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. जिम सुरू केली त्या वर्षी एक धट्टाकट्टा पोरगा आला. त्याचा उत्साह पाहून मीही भरीला पडलो आणि पहिल्याच दिवशी बायसेपचे सात-आठ सेट करून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. दोन्ही हात कोपरात वाकलेले, सरळ होत नव्हते, दंड सुजून टणक झाले होते. मी विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? म्हणाला, "काळ्या चहासारखा." त्याला त्याच पावली दवाखान्यात घेऊन गेलो. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. त्याला भरती करून सलाइन लावावी लागली. तो बरा झाला, पण जिममध्ये परत आला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात माझ्याकडे कोणालाही दोनपेक्षा जास्त सेट मिळत नाहीत. तुमच्या लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला किंवा हात-पाय सुजून हलेनासे झाले, तर मला फोन करत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

दुसरा ते चौथा आठवडा : आरसा तसाच, वही धावते

या तीन आठवड्यांत एक गंमत घडते. वजनं भराभर वाढतात आणि अंगावर काहीच दिसत नाही. पोरं विचारतात, "भाऊ, ताकद वाढली तर बॉडी काऊन दिसत नाही?"

नवी बैलजोडी पहिल्यांदा वखराला जुंपलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. दोन्ही गोऱ्हे अंगाने भक्कम असतात, पण एक पुढे ओढतो तर दुसरा तासाबाहेर जातो. मानेवर जू बसलेलं नसतं, अर्धा जोर वाया जातो. पंधरा दिवसांत तीच जोडी सरळ तासात चालते आणि दुप्पट रान वखरते. पंधरा दिवसांत बैल मोठे झाले नाहीत. ते एकत्र ओढायला शिकले.

स्नायूंचंही पहिले काही आठवडे हेच चालतं. एका स्नायूत हजारो तंतू असतात आणि मेंदूकडून येणाऱ्या नसा त्यांच्या गटागटांना आदेश देतात. नवख्या माणसाला एका वेळी सगळे गट कामाला लावता येत नाहीत, आणि ज्या स्नायूने सैल सुटायला हवं तोही उलटा ओढत असतो. सरावाने जास्त गट एका वेळी कामाला लागतात, विरोध कमी होतो आणि रॉड वर जाताना थरथरणं थांबतं. पहिल्या महिन्यात वाढणाऱ्या ताकदीचा मोठा भाग या शिकण्याचा असतो. स्नायू स्वतः जाड व्हायला लागतात तेही याच काळात, पण इतकं थोडं की टेपवर सापडत नाही. डोळ्यांना दिसण्याइतकं व्हायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तीन महिन्यांची मुदत मी मनाने ठरवलेली नाही, ती इथून आली आहे.

स्नायू आणि हाड यांना जोडणारे दोर त्याहूनही सावकाश घट्ट होतात. ताकद पुढे पळते आणि कोपराचे, खांद्याचे दोर मागे राहतात. दुसऱ्या महिन्यात पोरांचे खांदे दुखायला लागतात ते बहुतेक वेळा याच घाईमुळे.

वजन वाढवायचं कधी

नियम एकच, आणि तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा. पहिला आठवडा झाला की तीन सेट करा. काउंट आठ ते बाराच्या मध्ये ठेवा. तिन्ही सेटमध्ये पूर्ण बारा झाले आणि शेवटचा काउंटही हेलकावा न देता गेला, तरच पुढच्या वेळी रॉडच्या दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट लावा. म्हणजे अडीच किलो वाढले. काउंट पुन्हा आठ-नऊवर येईल. तिथून परत बारापर्यंत चढायचं.

सव्वा किलोची प्लेट हातात अगदी हलकी वाटते. पोरं ती बाजूला सारून सरळ पाच किलोच्या प्लेटा उचलतात, म्हणजे एकदम दहा किलो वाढ. मग कंबर बेंचवरून उचलते, मित्र वरून रॉड ओढतो आणि वहीत खोटा आकडा पडतो. दुसऱ्याने ओढून दिलेला काउंट लिहू नका.

दोनदा लागोपाठ आकडा वाढला नाही तर काळजीचं कारण नाही. तिसऱ्यांदाही तसंच झालं तर आधी झोप आणि जेवण तपासा. ते ठीक असेल तर दहा टक्के वजन कमी करून पुन्हा चढा.

ताटात काय

नवे मेंबर पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरच्या डब्याचं विचारतात. मी म्हणतो, आधी ताट नीट लावू, डब्याचं तीन महिन्यांनी बघू.

साठ किलोच्या आतबाहेरच्या पोराला, स्नायू वाढवायचे असतील तर, दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. आपल्याकडचं रोजचं जेवण, म्हणजे भाकरी किंवा पोळी, तुरीचं वरण, भात आणि भाजी, यातून साधारण पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम मिळतात. उरलेली गोष्ट भलतीच सोपी आहे. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास, दोन अंड्यांत बारा, ग्लासभर दुधात आठ. झालं काम. अंडी खात नसाल तर वरणाची एक वाटी वाढवा आणि मूठभर शेंगदाणे घ्या. आपण पोत्याने सोयाबीन पिकवतो, बाजार समितीत नेऊन विकतो आणि घरात त्याची वडी आठवड्यातून एकदाही शिजत नाही. हे मला मनापासून खटकतं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

भाकरी कमी करू नका. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी जिमला येणाऱ्या पोराने भाकरी सोडली तर तो नुसता वाळेल.

सहावा आठवडा : एका वहीची गोष्ट

मेंबर सोडून जातात ते इथे. म्हणून एक खरी वही उघडून दाखवतो. पोरगा एकवीस वर्षांचा, भरतीची तयारी करणारा, सडपातळ. सोयाबीन घरात आल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला जिममध्ये आला. पहिल्या पानावर वजन 58.2 किलो, दंड 27 सेंटिमीटर, कंबर 73. बेंच प्रेसला नुसता 20 किलोचा रॉड, दहाचा काउंट.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तो 30 किलो दहा वेळा उचलत होता. वजन 59.1. दंड 27. पुन्हा वाचा : बेंचवर दहा किलो वाढले आणि दंड दोऱ्याइतकाही वाढला नाही. बैलजोडीची गोष्ट या दोन आकड्यांत पूर्ण आहे. वजन जे नऊशे ग्रॅम वाढलं तेही बहुतेक पाणी. व्यायाम सुरू झाला की स्नायू जास्त साखर साठवून ठेवतात, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं.

पाचव्या आठवड्यात 32.5 झाले आणि तिथे तो अडकला. एक, दोन, तीन, चार वेळा तोच आकडा, उलट काउंट नवावरून सातवर उतरला. मग एका संध्याकाळी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "भाऊ, मले काहीच फरक दिसत नाही. घरचे म्हणतेत, पैसे कायले घालवून राहिला?"

मी त्याला व्यायामाचं काही विचारलं नाही. झोपतो कधी, ते विचारलं. तेव्हा कळलं की हरभऱ्याला पाणी सुरू आहे, लाइन रात्रीची आहे, मोटार चालू करायला हा जातो आणि रानडुकरं येतात म्हणून तिथेच जागली करतो. घरी पहाटे येतो. झोप जेमतेम चार तास. स्नायूची दुरुस्ती विश्रांतीत होते, त्यातही झोपेत, आणि याची झोप अर्ध्यावर आली होती. बेंचवर चूक नव्हतीच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. रात्रीची लाइन होती त्या आठवड्यांत तीनऐवजी दोनच दिवस व्यायाम, वजन 30 वर आणि सेट दोन. दुपारी जेवल्यावर घरी तासभर झोप, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दहा दिवसांत काउंट परत चढला. आठव्या आठवड्याच्या शेवटी 37.5 किलो आठ वेळा, दंड 27.5.

आपल्याकडे शेतीचं काम कोणाला चुकत नाही. कापूस वेचणी असो, हरभरा सोंगणं असो, आठ-पंधरा दिवस जिम सुटणारच. तेवढ्यात कमावलेलं फारसं जात नाही. परत आल्यावर जिथे सोडलं होतं त्याच्या दहा-पंधरा टक्के कमी वजनाने सुरू करा, आठवड्याभरात जागेवर याल. नुकसान होतं ते "आता खंड पडला, पुढच्या महिन्यापासून येतो" म्हणून घरी बसल्याने.

एप्रिल-मेत मात्र वेगळं. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा टिनाखाली दुपारी व्यायाम होऊ शकत नाही. तेव्हा बायांची बॅचसुद्धा सकाळी सहाला घेतो. गरगरलं, अंगावर काटा आला किंवा घाम यायचा बंद झाला, तर सेट तिथेच सोडून सावलीत बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि लगेच मला हाक मारायची.

वजन कमी करायला आलेल्यांसाठी

ताई-काकूंचा आणि पोट सुटलेल्या भाऊंचा हिशेब थोडा उलटा आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर तो चांगला वेग समजा. बारा आठवड्यांत चार-पाच किलो. पण पहिल्या महिन्यात काटा हलेलच असं नाही, कारण चरबी उतरत असताना स्नायूंत पाणी भरत असतं आणि एकाने दुसऱ्याला झाकलं जातं. बायांना पाळीच्या आधीच्या दिवसांत एक-दीड किलो पाणी धरण्याचीही सवय असते. म्हणून मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा. आणि टेपवर भरवसा ठेवा. दुपारच्या बॅचमधल्या एका ताईंचं वजन पाच आठवडे जागचं हललं नाही, कंबर तीन सेंटिमीटर उतरली होती. त्यांना ते वहीत दाखवेपर्यंत त्या सोडायच्या बेतात होत्या.

यात व्यायामापेक्षा ताटाचा हात मोठा आहे. दिवसातून चार कप गोड चहा आणि सोबत फरसाण चालू ठेवून कोणीही माझ्याकडे वजन उतरवू शकलेलं नाही. चहा दोनवर आणा, साखर अर्धी करा, फरसाणाच्या जागी फुटाणे. सुरुवातीला एवढंच बदला.

कोणी इंजेक्शनचं बोललं तर

तीन महिन्यांत बॉडी करून देतो असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटेल, बहुतेक पानठेल्यावर. तो जे देतो ते स्टेरॉइड असतं. त्याने स्नायू लवकर फुगतात हे खरं आहे, म्हणूनच पोरं फसतात. बाहेरून पुरुषी हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. वृषण आकसतात, शुक्राणू कमी होतात, लग्नानंतर मूल होण्यात अडचण येते. काहींच्या छातीला गाठी येतात, चेहऱ्या-पाठीवर मुरुम उठतात, रक्तातली चरबी बिघडते आणि हृदयावर भार येतो. बंद केल्यावर सगळं परत जागेवर येईलच असंही नाही. माझ्या जिममध्ये कोणाकडे असं काही सापडलं तर उरलेल्या महिन्याचे पैसे परत देऊन मी त्याला बाहेर काढतो. यात मी ऐकून घेत नाही.

डब्याचंही बघा. पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची यादी असली पाहिजे. सुटी पिशवीतली पावडर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बारावा आठवडा

पहिल्या दिवशी जसं माप घेतलं तसंच घ्या. तीच सकाळ, चहाच्या आधी, तीच टेप, तोच हात. फोटो त्याच खिडकीपाशी. मग पहिला फोटो उघडा.

त्या पोराचं बारावं पान संक्रांतीच्या आसपास भरलं. वजन 60.5, म्हणजे तीन महिन्यांत 2.3 किलो. दंड 28.5. त्यातला एक सेंटिमीटर शेवटच्या चार आठवड्यांत वाढला होता. कंबर 73.5, जवळपास तिथेच, म्हणजे वाढलेलं वजन पोटावर गेलं नव्हतं. बेंचवर 40 किलो नऊ वेळा. दंड दीड सेंटिमीटरने वाढणं ऐकायला थोडं वाटतं, पण बारीक पोराच्या हातावर ते दिसतं. तिळगूळ द्यायला आलेल्या त्याच्या मामानेच आधी विचारलं, "काय रे, खांदे भरल्यासारखे दिसून राहिले तुये?" हे मला त्याने दुसऱ्या दिवशी जिममध्ये शिरता शिरता सांगितलं.

तुमचे आकडे याच्यापेक्षा कमी-जास्त येतील. चाळिशीच्या माणसाचे सावकाश येतात, पूर्वी कधी कसरत केलेल्याचे लवकर. बेंचचा किंवा बैठकांचा आकडा बारा आठवड्यांत अजिबात हलला नसेल, तर वही घेऊन माझ्याकडे बसा. त्यात किती दिवस आलात, काउंट कुठे थांबला आणि जेवण-झोप कशी होती हे लिहिलेलं असलं की कारण बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतं. तीन महिन्यांच्या छत्तीस दिवसांपैकी निदान तीस दिवस हजेरी नसेल, तर दुसरं कारण शोधायला जाऊ नका.

आकडा हलला असेल तर तेराव्या आठवड्यापासून आपण व्यायामाची वाटणी करू. चार दिवस, दोन दिवस वरचं अंग आणि दोन दिवस पाय. भरतीवाल्यांचं सोळाशे मीटरचं धावणं त्याच्याशी जुळवून घ्यावं लागेल, कारण पायांच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी पाय जड असतात आणि वेळ बिघडते. त्यासाठी वहीचं नवं पान काढा आणि वर नवी तारीख घाला.